आंशिक कालसर्प आणि एकवीस हजार

मावशीला सलग तीन रात्री स्वप्नात साप दिसला. त्याच आठवड्यात मावसभावाची नोकरी गेली होती, त्यामुळे ती त्याची पत्रिका घेऊन एका ज्योतिषाकडे गेली. त्यांनी पत्रिका उघडायच्या आधीच विचारलं, "हल्ली साप दिसतो का हो स्वप्नात?" मावशीला काटाच आला. बाहेर नाव नोंदवणाऱ्या मुलीने 'काय अडचण आहे?' असं विचारलं होतं आणि आपण तिला सगळं सांगून टाकलं होतं, हे तिला घरी आल्यावर आठवलं.

निदान झालं कालसर्प योगाचं. पत्रिका बघायचे पाचशे रुपये आणि शांतीचे एकवीस हजार, तेही अमावास्येच्या आत. नाहीतर मुलावर गंडांतर.

ज्योतिष खरं की खोटं, हा वाद घटकाभर बाजूला ठेवू. ज्योतिषाचा नियम ज्योतिषालाच लावून पाहिला तरी पुष्कळ काही कळतं. कालसर्प योगाचा नियम सोपा आहे. पत्रिकेत राहू आणि केतू नेहमी समोरासमोर असतात. त्यांना जोडणारी रेघ मारायची. उरलेले सातही ग्रह रेघेच्या एकाच बाजूला असले तर कालसर्प. एक जरी पलीकडे गेला तर नाही. मावसभाऊ नोव्हेंबर १९९९ मधला. राहू कर्केत, केतू मकरेत. रवी, चंद्र, मंगळ, बुध, शुक्र एका बाजूला. गुरू आणि शनी मात्र पलीकडे, मेषेत. म्हणजे एक सोडून दोन ग्रह बाहेर. मी फोनवर हे विचारलं तेव्हा उत्तर आलं, "आंशिक कालसर्प आहे."

माझ्या मते हा शब्द ऐकला की चप्पल घालावी. नियमात न बसणारी पत्रिका 'आंशिक' म्हणून बसवता येते, तेव्हा दोष नाही अशी पत्रिका शिल्लकच राहत नाही. आणि खरा कालसर्प असला तरी तो काही एकट्याचा नसतो. बाकीचे सहा ग्रह एका बाजूला असताना चंद्र त्या बाजूला आला की तो सुमारे पंधरवडाभर तिथेच राहतो. त्या पंधरा दिवसांत जगभर जन्मलेल्या सगळ्या बाळांना तो योग लागतो. मुळात जुन्या ग्रंथांत हा योग नाही, असं सांगणारे जाणते ज्योतिषीही आहेत.

साडेसातीचं गणितही असंच. शनी एका राशीत सुमारे अडीच वर्षं असतो आणि आपल्या राशीच्या मागच्या, आपल्या व पुढच्या राशीत मिळून साडेसात वर्षं काढतो. म्हणजे कोणत्याही दिवशी बारापैकी तीन राशींना साडेसाती असतेच. ढोबळमानाने चारात एकाला. मंगळ लग्नापासून पहिल्या, चौथ्या, सातव्या, आठव्या किंवा बाराव्या स्थानी असला की मंगळदोष, म्हणजे बारातली पाच घरं. "तुमच्या पत्रिकेत फार वाईट योग आहे" असं कोणी खालच्या आवाजात सांगितलं, तर तो किती जणांच्या पत्रिकेत असतो, हे तिथेच विचारावं. सरळ माणूस आकडा सांगतो आणि अपवादही सांगतो.

स्वप्नाचं याहून सोपं आहे. सापाचं स्वप्न कोणी धनलाभाचं मानतं, कोणी शत्रूचं, कोणी पितरांचं. अर्थ सांगणाऱ्याने तुमचा आठवडा कसा गेला हे आधी विचारलं, तर निदान तो तुमच्याशी बोलतोय. मावशीला ते कोणी विचारलं नाही. नागपंचमीचे दिवस होते आणि तिच्या सोसायटीत खरोखरच धामण निघाली होती.

आता खात्रीबद्दल. जयंत नारळीकरांनी महाराष्ट्रातच एक चाचणी घेतली होती. हुशार मुलांच्या आणि मतिमंद मुलांच्या पत्रिका मिसळून ज्योतिषांना दिल्या आणि कोणती कोणाची ते ओळखायला सांगितलं. प्रत्येकाला चाळीस पत्रिका. सत्तावीस जणांनी उत्तरं पाठवली; बरोबर निघाली सरासरी ४६ टक्के. छापा-काटा केला असता तर पन्नासच्या आसपास आली असती. त्यामुळे 'शंभर टक्के' म्हणणाऱ्याकडून भाकीत तारखेसह लिहून घ्यावं. बहुतेक जण लिहून देत नाहीत.

सगळ्यात आधी मात्र पैशाची वाट बघावी. पत्रिका बघणारा आणि शांती करणारा एकच असेल, किंवा 'अमुक गुरुजींकडेच करा, अमुक दुकानातूनच खडा घ्या' असं सांगत असेल, तर दोष सापडण्यात त्याचा फायदा आहे. मुदत घातली, घरच्यांना सांगू नका म्हटलं, डॉक्टरांची गोळी बंद करायला लावली, तर पुढचं ऐकूच नये. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने ज्योतिषाचा सल्ला गुन्हा ठरवलेला नाही, हे लक्षात ठेवा. पण चमत्काराचा दावा करून फसवणं त्या कायद्यात बसतं. म्हणून पावती मागा, बोलणं लिहून ठेवा.

आणि जायचंच असेल तर पत्रिका पुढे ठेवून एवढंच म्हणा, "राहू-केतूची रेघ मारून दाखवता का?" रेघ मारायला ज्याला राग येतो, त्याच्याकडून उठून या.