शीटमधला रिकामा खाना आणि मसाला युनिटचं पहिलं वर्ष

मागच्या व्हिडिओत NPV, IRR आणि PMT ही तीन फंक्शन आपण नुसती तोंडओळख म्हणून पाहिली. आज एकच उदाहरण घेऊ आणि ते शेवटपर्यंत नेऊ. फॉर्म्युला बरोबर लिहूनसुद्धा उत्तर उलटं येऊ शकतं, आणि कारण बहुतेक वेळा एकच असतं: पैसा कधी आला, कधी गेला हे शीटला नीट सांगितलेलंच नसतं.

समजा तुम्ही मसाला कांडपाचं युनिट टाकताय. डंख मशीन, पल्व्हरायझर, थ्री फेज वायरिंग, पॅकिंगचं सामान, सगळं मिळून आजचा खर्च 6,00,000 रुपये. पहिल्या वर्षी विक्री होईल, पण येणारा पैसा मिरची-हळदीच्या साठ्यात आणि दुकानदारांच्या उधारीत अडकेल. खर्च भागून हातात काही उरणार नाही. दुसऱ्या ते पाचव्या वर्षी दरवर्षी सगळा खर्च जाऊन 2,00,000 रुपये रोख उरतील. पाच वर्षांनी मशीन विकून काही मिळेल ते धरायचं नाही. पैशाची किंमत म्हणून 12 टक्के दर धरू, कारण कर्ज त्याच दराने मिळतंय.

शीट उघडा. B2 मध्ये आजचा खर्च उणे चिन्ह लावून टाका, खाली B3 ते B7 मध्ये पाच वर्षांची रोकड. आता पहिला प्रश्न, जो हमखास येतो: B2 पासून B7 पर्यंत सगळी रेंज NPV मध्ये द्यायची का? नाही. NPV फंक्शन रेंजमधली पहिली रक्कम आजची समजत नाही, एका वर्षाने येणारी समजतं. म्हणजे आज दिलेले सहा लाखसुद्धा ते वर्षभराने दिल्यासारखे धरतं. म्हणून आजची रक्कम बाहेर ठेवायची:

```
=B2+NPV(12%,B3:B7)
```

सगळी रेंज आत टाकली तर उत्तर 1.12 ने भागलेलं येतं. आकडा चुकतो, पण अधिक-उणे बदलत नाही. म्हणून ही चूक प्रसिद्ध असली तरी धंदा बुडवणारी नाही, असं माझं मत. (XNPV वापरत असाल तर उलट आहे. तिथे पहिली तारीख हीच आजची, त्यामुळे सुरुवातीचा खर्च रेंजच्या आतच द्यायचा.)

धंदा बुडवणारी चूक B3 मध्ये बसलेली असते. पहिल्या वर्षी काही उरत नाही म्हणून आपण तो खाना रिकामा सोडतो, किंवा वहीत मारतो तशी आडवी रेघ मारतो. आपल्याला वाटतं, रिकामं म्हणजे शून्य. NPV ला तसं वाटत नाही. रेंजमधला रिकामा खाना किंवा मजकूर असलेला खाना ते वगळूनच टाकतं, आणि खालचे सगळे आकडे एक पायरी वर सरकतात. दुसऱ्या वर्षाचे दोन लाख पहिल्याच वर्षी आले असं धरलं जातं, पाचव्याचे चौथ्या वर्षी.

आता फरक बघा. B3 रिकामा असताना उत्तर येतं अधिक 7,470. त्याच खान्यात 0 टाइप केलं की उत्तर होतं उणे 57,616. पहिलं शीट सांगतं, बारा टक्के पैशाची किंमत देऊनसुद्धा थोडं वर उरतंय, कर. दुसरं सांगतं, आजच्या पैशात साडेसत्तावन्न हजार कमी पडतायत, थांब. बाकी एकही आकडा बदललेला नाही.

IRR सुद्धा रिकामा खाना असाच गिळतं. फरक एवढाच की IRR मध्ये आजचा खर्च रेंजच्या आत द्यायचा, म्हणजे =IRR(B2:B7). रिकाम्या खान्यासह ते 12.59 टक्के दाखवतं, शून्य टाकल्यावर 8.70 टक्के. बारा टक्क्यांनी कर्ज काढून पावणेनऊ टक्क्यांचाही नसलेला धंदा करायचा का, हा प्रश्न रिकाम्या खान्यामागे लपून राहिला होता.

ओळखायचं कसं? बाजूला कुठेही हे लिहा:

```
=COUNT(B2:B7)
```

COUNT फक्त आकडे मोजतं. आजचा एक आणि पाच वर्षांचे पाच, असे सहा यायला हवेत. पाच आले तर एक खाना फसवतोय. आडवी रेघ दिसली म्हणून लगेच घाबरूही नका, कारण अकाउंटिंग फॉरमॅटमध्ये खरा शून्यसुद्धा रेघेसारखाच दिसतो. खान्यावर क्लिक करून वर फॉर्म्युला बारमध्ये पाहा. तिथे 0 असेल तर ठीक.

मग युनिट सोडून द्यायचं का? तसं नाही. 57,616 ला 1.12 ने गुणा, 64,530 येतात. पहिल्या वर्षअखेर एवढी रोकड मोकळी झाली, तर NPV शून्यावर येतो, म्हणजे बारा टक्के बरोबर सुटतात. आता हे बोलण्यासारखं झालं. मशीन उन्हाळ्याच्या मसाला सीझनआधी बसलं, घरगुती कांडपाची मजुरी रोख घेतली, उधारीवर हात आखडला, तर वर्षात चौसष्ट-पासष्ट हजार मोकळे होतील का? याचं उत्तर शीट देणार नाही, तुमच्या गावचा बाजार देईल.

आता PMT. सहा लाखांपैकी दीड लाख तुमचे, साडेचार लाख बँकेचे, 12 टक्क्यांनी, पाच वर्षांसाठी. हप्ता महिन्याचा आहे, म्हणून दरही महिन्याचा आणि मुदतही महिन्यांत:

```
=PMT(12%/12,60,-450000)
```

उत्तर 10,010 रुपये. कोणी वार्षिक हप्ता काढून त्याला बाराने भागतं, तेव्हा 10,403 येतात. ते चूक, कारण त्यात तुम्ही वर्षभर काहीच फेडत नाही असं गृहीत धरलंय. आणखी एक बारकावा: काही फायनान्सवाले पहिला हप्ता आधीच कापून घेतात आणि हप्ता मात्र 10,010 च ठेवतात. मग खरा दर बारा राहत नाही, साडेबाराच्या आसपास जातो. =RATE(60,-10010,450000,0,1)*12 लिहून स्वतः बघा; शेवटचा 1 म्हणजे हप्ता महिन्याच्या सुरुवातीला.

हे हप्ते NPV च्या रांगेत मात्र घालू नका. बारा टक्के तिथे आधीच धरलेत, व्याज दोनदा मोजलं जाईल. हप्त्यांसाठी शेजारी वेगळा कॉलम करा आणि पहिलं वर्ष वाचा: धंद्यातून येणार शून्य, बँकेला जाणार 1,20,120. दीड लाख तर मशीनमध्येच गेलेत. हा पैसा घरातून येणार असेल तर तो आजच बाजूला काढलेला हवा.

नाहीतर कर्ज मंजूर होण्याआधीच बँकेत मोरेटोरियमचं विचारा. पहिले बारा महिने फक्त व्याज भरायचं ठरलं, तर महिन्याला 4,500, वर्षाला 54,000. उरलेल्या 48 महिन्यांचा हप्ता 11,850 होतो, वर्षाला सुमारे 1,42,200, आणि तोपर्यंत युनिट दोन लाख देऊ लागलेलं असेल. एकूण व्याज जास्त जाईल हे खरं. पण दोन्ही कॉलम छापून मॅनेजरसाहेबांसमोर ठेवा, पहिल्या वर्षाच्या ओळीवर पेनाने खूण करून.