नावाला जागा, चौकटीला अंतर

शाळेच्या स्पर्धेचं प्रमाणपत्र तपासताना आधी यादीतलं सर्वांत लांब तिहेरी नाव त्यात भरून पाहावं. वेलांटी वरच्या ओळीला किंवा उकार खालच्या रेघेला टेकला, तर जागा अपुरी आहे. मजकूर साधा, औपचारिक हवा, उद्गारचिन्हं नकोतच. जाड, नक्षीदार चौकट नावावरची नजर ओढून घेते, म्हणून मला बारीक रेघ पटते.

खरी अडचण कटिंगमध्ये येते. गठ्ठा कापताना कागद मिलिमीटरभर सरकतोच. चौकट कडेपासून ३ मिलिमीटरवर असेल, तर एकीकडे २ आणि समोर ४ उरतात. वाकडेपणा लगेच दिसतो. १० मिलिमीटरवर असेल, तर ९ आणि ११ चा फरक जाणवत नाही. पार्श्वभूमीचा रंग मात्र कापायच्या रेषेबाहेर ३ मिलिमीटर न्यावा, नाहीतर कडेला पांढरी चीर दिसते.