जास्वंदीवरची पांढरी कीड

जास्वंदीच्या शेंड्यावर कापूस चिकटल्यासारखं पांढरं काही दिसलं की लोक विचारतात, काय फवारू? मी आधी विचारते, झाडावर मुंग्यांची रांग आहे का? बहुतेक वेळा असते. आणि ती असेपर्यंत फवारणीचा निम्मा खर्च वाया जातो.

ही कीड म्हणजे पिठ्या ढेकूण. रोपवाटिकेत सगळे मिलीबगच म्हणतात. ती कोवळ्या फांदीतला रस शोषते आणि मागून गोडसर चिकटा सोडते. मुंग्या त्या चिकट्यासाठी येतात आणि किडीच्या शत्रूंना हुसकावून लावतात. पानांवर धरणारी काळी बुरशीही त्याच चिकट्यावर वाढते. किडीच्या लाळेमुळे शेंडा गोळा होतो, पानं चुरगळतात, कळ्या उमलण्याआधीच गळतात.

शेजारच्या काकूंची कुंडीतली जास्वंद ऐन मार्चमध्ये अशीच झाली होती. आधी चुरगळलेले सगळे शेंडे कापले आणि पिशवीत घालून, गाठ मारून कचऱ्यात टाकले. कंपोस्टच्या डब्यात ते टाकायचे नाहीत. मग झाड आडवं धरून पानांच्या खालच्या बाजूला आणि फांद्यांच्या बेचक्यांत पाण्याचा जोरदार फवारा मारला. बरीचशी कीड तेवढ्यानेच खाली पडली. संध्याकाळी फवारणी केली: एक लिटर कोमट पाणी, 5 मिली कडुनिंबाचं तेल, 2 मिली भांडी घासायचा पातळ साबण. तेल आणि साबण आधी एकत्र घोटायचे आणि मग पाण्यात घालायचे, नाहीतर तेल वर तरंगत राहतं आणि शेवटचा फवारा नुसत्या तेलाचा बसून पानं जळतात. भर उन्हात फवारलं तरी तेच होतं. कपड्यांची पावडर तर नकोच.

दोन दिवसांत झाड स्वच्छ दिसू लागलं. लोक नेमके इथेच थांबतात. मादी कापसासारख्या पिशवीत शेकडो अंडी घालते आणि त्या मेणचट कापसातून तेल-साबण आत फारसा पोचत नाही. आठवडाभरात अंडी फुटतात. बाहेर पडणारी पिल्लं टाचणीच्या टोकाएवढी असतात, अंगावर मेण नसतं, आणि साबणाने मरतात ती मुख्यतः हीच. म्हणून दर सात-आठ दिवसांनी, निदान तीनदा फवारायचं, कीड दिसत नसली तरी. काकूंनी ते नेटाने केलं. शिवाय मुख्य खोडाला पेट्रोलियम जेलीचा पट्टा लावला आणि कुंडी भिंतीपासून वीतभर पुढे ओढली. नाहीतर मुंग्या भिंतीवरून थेट फांदीवर उतरतात. एप्रिलच्या मध्यात नवे शेंडे सरळ आले.

आता माझ्या शंका. यातलं नेमकं काय लागू पडलं, हे मी छातीठोकपणे सांगणार नाही. पाण्याचा फवारा आणि मुंग्यांचा बंदोबस्त एवढ्यावरही भागलं असतं की काय, असं कधीकधी वाटतं; तेल न मारता ठेवायला दुसरी कुंडी हाताशी नव्हती. जूनमध्ये कुणी एखाद्या औषधाची महती सांगितली तर मी जरा सावध होते, कारण जोराच्या पावसाने ही कीड धुऊन जाते आणि श्रेय बाटलीला मिळतं. कृषी केंद्रात मिळणारी व्हर्टिसिलियम लेकॅनी ही कीडनाशक बुरशी पावसाळी, दमट हवेत उपयोगी पडते. कोरड्या उन्हाळ्यात तिच्यावर पैसे घालावेत असं मला वाटत नाही. आंबट ताक आणि लसूण-मिरचीचा अर्क यांचा गुण मला तरी दिसलेला नाही.

एक गोष्ट मात्र फवारण्याआधी नीट बघा. पांढऱ्या किडीच्या गर्दीत एखादी मोठी, झिपऱ्या मेणाची आणि भराभर चालणारी अळी दिसली तर ती मारू नका. तो क्रिप्टोलेमस नावाचा ऑस्ट्रेलियन ढालकिडा. किडीवर उपाय म्हणूनच तो एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस भारतात आणला गेला. त्याची अळी दिसते पिठ्या ढेकणासारखी आणि खाते त्यालाच. पिठ्या ढेकूण जागचा फारसा हलत नाही, ही अळी बोट लावलं की पळते. ती दिसली तर तेलाची बाटली बाजूला ठेवून आठ-दहा दिवस थांबलेलं बरं.

शेणखताव्यतिरिक्त युरियासारखं नत्राचं खत वरचेवर देत असाल तर ते थांबवा. त्याने येणारी लुसलुशीत फूट या किडीला फार आवडते. आणि जुनं खोड बुंध्यापर्यंत पांढरं झालं असेल, माती उकरल्यावर मुळांवरही कापूस दिसत असेल, तर फवारण्या करत बसू नका. ते झाड मातीसकट टाकून द्या, कुंडी घासून उन्हात वाळवा आणि निरोगी झाडाची पेन्सिलीएवढी जाड काडी आणून पावसाळ्यात लावा. जास्वंद काडीपासून सहज येते.