माल गोदामात आहे तोवर

सांगलीतल्या एका हळद निर्यातदाराच्या टेबलावर मार्चच्या पहिल्या आठवड्यात चार पानी कागद आला. बांगलादेशातल्या खरेदीदाराच्या बँकेने उघडलेलं लेटर ऑफ क्रेडिट, म्हणजे व्यापाऱ्यांच्या बोलीत एलसी. माल २६ टन हळकुंड, ५० किलोच्या ५२० पोत्यांत, टनाला १,५०० डॉलर भावाने एकूण ३९,००० डॉलर. भाडं विक्रेत्याकडे, विमा खरेदीदाराकडे. घरात पेढे वाटण्यासारखीच बातमी. पण बँकेतल्या अधिकाऱ्याने तोच कागद वाचून पेन्सिलने तीन ठिकाणी खुणा केल्या आणि म्हणाला, "शेठ, कंटेनर बुक करू नका. आधी पार्टीला अमेंडमेंट मागा."

(उदाहरण अशा अनेक व्यवहारांवरून बेतलेलं आहे. त्यातल्या अडचणी मात्र खऱ्या, आणि वरचेवर येणाऱ्या.)

एलसी म्हणजे खरेदीदाराच्या बँकेची हमी. ठरलेली कागदपत्रं ठरलेल्या मुदतीत हाती पडली, तर पैसे बँक देईल. खरेदीदाराचं मन फिरलं तरी देईल. मात्र बँक हळद बघत नाही, कागद बघते. जगभरच्या बँका त्यासाठी पॅरिसच्या इंटरनॅशनल चेंबर ऑफ कॉमर्सची नियमावली वापरतात. तिचं नाव यूसीपी ६००, आणि ती १ जुलै २००७ पासून लागू आहे. कागद आणि एलसी जुळत नसतील, तर माल कितीही चोख असला तरी बँकेवर पैसे देण्याचं बंधन राहत नाही.

हे किती काटेकोरपणे घेतलं जातं, त्याचा इंग्लंडच्या न्यायालयात गाजलेला एक खटला आपल्याकडच्या शेंगदाण्यांचा आहे. १९४० साली लंडनच्या हॅम्ब्रोज बँकेने डेन्मार्कच्या खरेदीदारासाठी एलसी उघडलं. माल होता मद्रासहून जाणारे सुमारे १,४०० टन 'कोरोमंडल ग्राउंडनट्स'. बिलावर तेच शब्द होते, पण जहाज कंपनीच्या पावतीवर, म्हणजे बिल ऑफ लेडिंगवर, लिहिलं होतं 'यंत्राने सोललेले शेंगदाणे'. दोन्ही नावं एकाच मालाची, हे त्या व्यापारातल्या प्रत्येकाला माहीत होतं. तरी बँकेने पैसे नाकारले. १९४२ मध्ये अपील न्यायालयाने बँकेच्याच बाजूने निकाल दिला, कारण बाजारातली बोली बँकेला ठाऊक असावी अशी अपेक्षा धरता येत नाही. आजच्या नियमांत बिलाखेरीज इतर कागदांवर मालाचं ढोबळ वर्णन चालतं. पण एलसीत जो कागद मागितला आहे तो द्यावाच लागतो. मग तो कागद मिळणारच नसेल तर?

सांगलीच्या एलसीतली पहिली खूण नेमकी अशा कागदावर होती. बँकेने फायटोसॅनिटरी सर्टिफिकेट मागितलं होतं, आणि त्यावर 'माल मानवी आहारास योग्य आहे' असं वाक्य हवं होतं. हे प्रमाणपत्र केंद्राच्या कृषी खात्याचं प्लँट क्वारंटाइन कार्यालय देतं. त्याचा नमुना आंतरराष्ट्रीय कराराने ठरलेला आहे. मालासोबत कीड किंवा रोग जात नाही, एवढंच त्यात म्हणायचं असतं. खाण्यायोग्यता हा त्या अधिकाऱ्याचा विषयच नाही. निर्यातदाराने कितीही चकरा मारल्या तरी ते वाक्य त्या कागदावर उमटणार नाही.

दुसरी खूण तपासणीच्या प्रमाणपत्राभोवती. ते खरेदीदाराच्या प्रतिनिधीने सही करून द्यायचं, आणि ती सही ढाक्याच्या बँकेतल्या नमुन्याशी जुळायला हवी. वाचताना अट साधी वाटते. प्रत्यक्षात तिने हमीच पोकळ केली आहे. हळदीचा भाव पडला आणि तो प्रतिनिधी सांगलीला फिरकलाच नाही, तर प्रमाणपत्र नाही, आणि प्रमाणपत्र नाही म्हणून पैसे नाहीत. नमुन्याची सही तर विक्रेत्याने कधी पाहिलेलीही नसते. पहिली अट बहुधा अज्ञानातून आलेली असते. दुसरी कधी कधी हुशारीतून.

तिसरी खूण तारखांवर. करारात माल जहाजावर चढवायची मुदत ३० एप्रिल होती. एलसीत पडली ३१ मार्च. एलसी संपायची तारीख १० एप्रिल, आणि तीही ढाक्यात. शिवाय जहाजावर माल चढल्यापासून सात दिवसांत कागद ढाक्याच्या बँकेत पोचायला हवेत. जहाज सुटल्यावर बिल ऑफ लेडिंग हातात यायला दोन-तीन दिवस, बाकीचे कागद जुळवून बँकेत द्यायला एखाद-दुसरा, मग कुरियर. सात दिवस वाटेतच संपतात. एलसीत असा आकडा दिलेलाच नसता, तर नियमाप्रमाणे एकवीस दिवस मिळाले असते.

निर्यातदाराने स्वतः चौथी खूण केली होती. एलसीत 'वाटेत जहाज बदलू नये' असं लिहिलं होतं. चितगावच्या बंदरात मोठी जहाजं शिरत नाहीत, कर्णफुली नदीचं पाणी तेवढं खोल नाही. न्हावा शेवाहून निघालेला कंटेनर बहुधा कोलंबोला उतरून लहान जहाजावर चढतो. मग ही अटही अशक्यच की! अधिकाऱ्याने ती खूण खोडली. माल कंटेनरमधून जात असेल आणि सगळा प्रवास एकाच बिल ऑफ लेडिंगवर असेल, तर एलसीत मनाई असूनही वाटेत जहाज बदललेलं चालतं. यूसीपीच्या विसाव्या कलमातच ती सूट आहे. एलसीने ती सूट नाव घेऊन काढून टाकली असती, तरच दुरुस्ती मागावी लागली असती. प्रत्येक दुरुस्तीला फी पडते आणि प्रत्येक मागणीने समोरच्याच्या कपाळावर एक आठी चढते. गरज नसलेली दुरुस्ती न मागणं हेही यातलं कसबच.

आता विनंती करायची कोणाला? नवखा निर्यातदार आपल्या बँकेकडे धावतो. पण ही बँक केवळ निरोप्या. एलसी खरं आहे एवढं तपासून ती ते हातात देते, बदलू शकत नाही. ढाक्याची बँकही विक्रेत्याचं ऐकून काही बदलत नाही, कारण तिचा ग्राहक खरेदीदार आहे. म्हणून पत्र जातं खरेदीदाराला, त्याने आपल्या बँकेत अर्ज करायचा, आणि बँकेने स्विफ्टच्या जाळ्यावरून दुरुस्तीचा संदेश पाठवायचा. त्या संदेशाचा क्रमांक MT 707. एलसी येतं ते MT 700 मधून.

पत्र लहान असावं आणि सगळं एकदाच मागावं. सांगलीहून गेलेल्या ई-मेलमध्ये सुरुवातीला एलसी उघडल्याबद्दल आभार होते, कराराचा आणि एलसीचा क्रमांक होता. पुढे प्रत्येक रकान्याला जुनं काय आणि नवं काय. 44C: ३१ मार्चऐवजी ३० एप्रिल. 31D: १० एप्रिल, ढाका याऐवजी २१ मे, भारत, त्यासोबत कागद भारतातल्या कोणत्याही बँकेत देण्याची मुभा. 48: सातऐवजी एकवीस दिवस. 46A मध्ये फायटोचं वाक्य काढावं, हवा तर स्पाइसेस बोर्डाच्या प्रयोगशाळेचा अहवाल वेगळा मागावा; आणि तपासणी प्रतिनिधीऐवजी दोघांना मान्य असलेल्या स्वतंत्र तपासणी संस्थेने करावी. प्रत्येकाखाली एका ओळीत कारण. तारखांपुढे कारण एवढंच की करारात तसं ठरलं आहे. शेवटी दोन वाक्यं: एलसी करारापासून ढळल्यामुळे दुरुस्तीचा खर्च आपल्याकडे राहावा, आणि दुरुस्ती बँकेमार्फत आल्यावर माल लगेच निघेल.

यात आरोप कुठेच नाही. सहीच्या अटीमागे लबाडी असली, तरी पत्रात ती चूकच मानलेली बरी. खरेदीदाराला तोंड लपवायची वेळ आली नाही, तर तो लवकर सही करतो.

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. भाई, काळजी करू नका, तुम्ही माल पाठवा, कागदांत काही कमी-जास्त असलं तरी मी स्वीकारीन. हे उत्तर इतकं ठरलेलं असतं की अधिकाऱ्याने ते न वाचताच मान हलवली. खरेदीदार मनापासून बोलत असेलही. पण त्याच्या ई-मेलने बँक बांधली जात नाही. कागदांत खोट निघाली की बँक पाच कामकाजी दिवसांत नकार कळवते, आणि मग निर्णय खरेदीदाराच्या मर्जीवर. तोवर कंटेनर चितगावच्या धक्क्यावर उभा, रोजचं भाडं चढतंय, परत आणायचा तर जाण्याइतकाच खर्च. अशा वेळी 'टनामागे शंभर कमी करा, मग सोडवतो' असा फोन आला, तर विक्रेता काय बोलणार? हळद सांगलीच्या गोदामात असते, तेव्हा घाई खरेदीदाराला असते. ती बोटीवर चढली की घाई विक्रेत्याकडे येते.

निर्यातदाराने नम्रपणे, पण तेच पत्र पुन्हा पाठवलं.

आठ दिवसांनी MT 707 आला. तारखा बरोबर, फायटोचं वाक्य गेलेलं, तपासणी स्वतंत्र संस्थेची. आणि सगळ्यात खाली, कोणी न मागितलेली ओळ: दर टनाला १,४८० डॉलर. म्हणजे ५२० डॉलरची कात्री. निर्यातदार म्हणाला, "वरचं सगळं घेऊ, शेवटचं तेवढं नको म्हणून कळवू." ते जमत नाही. यूसीपीच्या दहाव्या कलमानुसार एका दुरुस्तीतला निम्मा भाग स्वीकारणं म्हणजे ती पूर्ण नाकारणंच. आणि गप्प राहिल्याने ती स्वीकारली असंही होत नाही. 'अमुक दिवसांत नाकारली नाही तर मान्य धरू' असं बँकेने लिहिलं असलं, तरी ती ओळ नियमाने दुर्लक्षित होते. विक्रेत्याने होकार कळवेपर्यंत, किंवा दुरुस्तीप्रमाणे कागद सादर करेपर्यंत, जुनं एलसी जसंच्या तसं लागू राहतं. त्याच्या संमतीवाचून बँकेलाही ते बदलता येत नाही. खरेदीदाराला एकतर्फी भाव उतरवू न देणारं कुलूपही हेच, आणि आपली चूक एकट्याने सुधारू न देणारं कुलूपही हेच.

त्याने दुरुस्ती लेखी नाकारली. खरेदीदाराला एवढंच कळवलं की दराची ओळ बहुधा नजरचुकीने आली असावी, ती वगळून बाकीचं पुन्हा पाठवावं. फोनवर पाऊण तास गेला. मध्ये ३१ मार्चही उलटून गेला, पण पोती गोदामातच होती. दुसरी दुरुस्ती एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात आली. अधिकाऱ्याने ती ओळीनोळ तपासली, त्यातही माल चढवायची तारीख वाढवताना एलसी संपायची तारीख वाढवली आहे का, हे आधी. ही दुसरी तारीख विसरली जाते, आणि मग वेळेत चढलेल्या मालाचे कागद मुदत संपलेल्या एलसीवर जातात. इथे दोन्ही होत्या. होकार लेखी कळवला, कंटेनर बुक झाला, आणि २२ एप्रिलच्या तारखेचं बिल ऑफ लेडिंग कोलंबोमार्गे निघालं.

एक चूक मात्र कोणी दुरुस्त करून मागितलीच नाही. मालाच्या वर्णनात ढाक्याच्या कारकुनाने TURMARIC FINGER असं टंकलं होतं. अर्थ बदलत नसेल तर अशा स्पेलिंगवर बँकेने अडू नये, असा संकेत आहे. तरी अधिकाऱ्याच्या सांगण्यावरून निर्यातदाराने आपल्या बिलावर तेच चुकीचं स्पेलिंग अक्षरशः उतरवलं. कार्यालयातल्या मुलीने दोनदा बदललं, त्याने दोनदा परत करायला लावलं.