आईकडून की बाबांकडून?

मराठीत वयाने मोठ्या नातेवाइकाला नुसता नमस्कार करून भागत नाही. त्याला जोडून 'काका', 'मामा', 'मावशी' यांपैकी काहीतरी यावंच लागतं, आणि वर्षानुवर्षांनी भेटणाऱ्याची पंचाईत तिथेच होते. चेहरा ओळखीचा असतो, कधी नावही आठवतं, पण मोठ्यांना नावाने हाक मारायची सोय नाही. समोरची व्यक्ती मात्र हात धरून विचारत असते, "ओळखलंस का मला?"

खरं तर हाकेचा हिशोब फार अवघड नाही. ती व्यक्ती आईकडची की बाबांकडची, कोणत्या पिढीतली आणि पुरुष की बाई, एवढं कळलं की पुरतं. नातं किती लांबचं आहे, हे हाक बघतच नाही. आईचा सख्खा भाऊ मामा, तसा तिचा चुलतभाऊ, आतेभाऊ, मावसभाऊही मामाच.

समजा, लग्नात भेटलेल्या साठीच्या बाई म्हणजे तुमच्या आईच्या आईच्या बहिणीची मुलगी. सांगताना दमछाक होते, पण आईची ती मावसबहीण, म्हणजे तुमची मावशी. तिचे यजमान काका. काही जुन्या घरांत मावसोबा. तिचा मुलगा तुमच्याहून मोठा असेल तर दादा, लहान असेल तर नुसतं नाव. 'मामेभाऊ', 'चुलतबहीण' हे शब्द तिसऱ्याला ओळख करून देताना वापरायचे. समोरच्याला कोणी "अरे मामेभावा" म्हणत नाही. आता हीच बाई बाबांच्या आईच्या बहिणीची मुलगी असती, तर नातं तेवढंच लांबचं असूनही ती आत्या झाली असती.

हाक ठरली की लगेच क्रियापद आडवं येतं. बहुतेक घरांत मावशीला आणि आत्याला 'तू' म्हणतात, काकांना 'तुम्ही'. मामाचं घराघरांवर आहे: कुठे "ए मामा", कुठे "अहो मामा". म्हणजे "कधी आलीस?" की "कधी आलात?" हे पहिल्याच वाक्यात ठरवावं लागतं. ज्यांना ठरवता येत नाही, त्यांनी यावरही वाट काढली आहे. "कधी येणं झालं?", "प्रवास कसा झाला?", "जेवण झालं का?" या वाक्यांत ना तू, ना तुम्ही. लग्नकार्यात कान देऊन ऐकलं तर अशी बिनकर्त्याची वाक्यं भरपूर सापडतील. मावशीला चुकून 'तुम्ही' म्हटलं, तर मात्र ती लगेच सुनावते, "अगं, मी काय परकी आहे का?" आदर दाखवायला जावं आणि दुरावा दिसावा, असं होतं.

खरा गोंधळ आत्याच्या यजमानांपाशी होतो. काही घरांत ते काका, काही घरांत मामा. महाराष्ट्रात अनेक समाजांत मामाच्या मुलीशी लग्न करण्याची रीत आहे. मुलीच्या बाजूने पाहिलं, तर तिची आत्याच तिची सासू होते. म्हणून कसलंही आधीचं नातं नसलं तरी सून सासूला 'आत्याबाई' आणि सासऱ्यांना 'मामंजी' म्हणत आली. इरावती कर्वे यांनी 1953 साली प्रसिद्ध झालेल्या 'किनशिप ऑर्गनायझेशन इन इंडिया' या ग्रंथात महाराष्ट्राकडे उत्तरेच्या आणि दक्षिणेच्या नातेरीतींच्या मधला प्रदेश म्हणून पाहिलं आहे. आत्याच्या यजमानांना तुमच्या घरी काय म्हणतात, यात त्या मधल्या जागेची खूण असू शकते. अशा लग्नांमुळे एकच माणूस एका बाजूने काका आणि दुसऱ्या बाजूने मामाही लागतो. तेव्हा घरात आधीपासून रुळलेली हाक चालू ठेवावी, नवा शोध लावू नये.

रिक्षावाल्यालाही आपण काका म्हणतो, त्यामुळे 'काका' चुकला तरी फारसं कोणी मनाला लावून घेत नाही. मामाचं तसं नाही. मंडपात नवरीला आणायचं ते मामाने. गुरुजी ध्वनिक्षेपकावरून मामांनाच बोलावतात. अशा मामाला भाच्याने काका म्हटलं, तर मामा हसून सोडून देईल, पण भाच्याची आई नाही. तिच्या माहेरच्या माणसाला सासरच्या रांगेत बसवलेलं असतं.

नावापुढे गाव किंवा घरातलं नाव लावायची पद्धत म्हणूनच कामाची आहे. 'नागपूरची मावशी', 'नानाकाका' म्हटलं की नेमकं माणूस डोळ्यांसमोर येतं. परदेशात वाढणाऱ्या मुलांच्या कानावर 'अंकल' आणि 'आंटी' एवढंच पडतं. त्यांना बाजू कळतच नाही, आणि तो दोष मुलांचा नाही.

तेव्हा लग्नाला निघताना गाडीतच मुलांना सांगून ठेवा, कोण भेटणार, कोणाकडून कोण आणि कोणाला 'तू' म्हणायचं. आणि मोठ्यांनो, "ओळखलंस का?" विचारण्याऐवजी "मी तुझ्या आईची मावसबहीण" असं आपणच आधी सांगून टाका.