परिच्छेदातली पाककृती ओळींत उतरवताना

घरातल्या जुन्या वहीत अळूच्या भाजीची कृती साधारण अशी सापडते:

‘अळूची एक मोठी जुडी घेऊन देठं सोलून बारीक चिरावीत, पानंही चिरावीत. चिरताना हाताला तेल लावावं. कुकरला शिजवून घोटावं, घोटताना बेसन लावावं. भिजवलेली हरभऱ्याची डाळ आणि दाणे शिजवून त्यात घालावेत. चिंचेचा कोळ, गूळ, तिखट, मीठ, गोडा मसाला घालून चांगलं उकळू द्यावं. मोहरी, मेथ्या, हिंग, हळदीची फोडणी द्यावी, त्यात खोबऱ्याचे काप परतावेत. कोळ बेताने घालावा, नाहीतर आंबटढाण होतं.’

ज्यांनी ही भाजी केली आहे त्यांचं यात काही अडत नाही. नव्याने करणारा मात्र घोटायला बसतो आणि पुढच्या वाक्यात ‘भिजवलेली डाळ’ वाचून थांबतो. डाळ भिजायला तीन-चार तास लागतात आणि जेवायला अर्धा तास उरलेला असतो. लिहिणारीने पदार्थ जसा आठवला तसा लिहिला. करणाऱ्याला मात्र कामं ज्या क्रमाने करायची त्याच क्रमाने ती वाचायला हवीत. साहित्याची यादी आणि क्रमांकाच्या पायऱ्या करायच्या त्या यासाठी.

एलिझा अॅक्टन या इंग्रज लेखिकेने १८४५ सालच्या आपल्या पुस्तकात कृतीच्या शेवटी साहित्य आणि वेळ वेगळी काढून दिली. इझाबेला बीटनच्या १८६१च्या पुस्तकात ती यादी सुरुवातीला आली. मराठी स्वयंपाकघरांत वाटी-चमच्याचं माप रुजवलं ते कमलाबाई ओगले यांच्या १९७० सालच्या ‘रुचिरा’ने. वहीतले परिच्छेद मात्र अजून तसेच आहेत.

सुरुवात पेन्सिलीने करावी. परिच्छेदातल्या प्रत्येक जिनसेखाली रेघ मारायची, प्रत्येक क्रियेभोवती गोल काढायचा. मग न लिहिलेलं शोधायचं. वरच्या कृतीत पाणी कुठेच नाही. ते डाळ भिजवायला, चिंच भिजवायला, अळू आणि डाळ शिजवायला आणि रश्शाला, असं चार वेळा लागतं. तेल लिहिलं आहे ते फक्त हाताला. फोडणीचं तेल गृहीत धरलं आहे. हे दोन्ही तेल यादीत एकाच ओळीत, ‘विभागून’ असं लिहून घ्यावं, नाहीतर सगळं पहिल्याच पायरीत संपतं.

यादीत सगळ्यात जास्त गोंधळ एका शब्दाच्या जागेमुळे होतो. ‘पाव वाटी भिजवलेली डाळ’ आणि ‘पाव वाटी डाळ, भिजवून’ ही दोन वेगळी मापं आहेत. डाळ भिजली की फुगून दुपटीच्या आसपास जाते, त्यामुळे पहिल्या मापाने घेतलेली डाळ भाजीत निम्मीच पडते. चिरलेल्या कोथिंबिरीचं, किसलेल्या गुळाचं, खवलेल्या नारळाचंही तेच. मोजणं आधी की कापणं आधी, हे ठरवूनच शब्द लिहावा.

‘बेताचा कोळ’ हे माप ज्यांच्या हातात आहे त्यांच्याकडूनच काढून घ्यावं लागतं. विचारून उत्तर मिळत नाही, कारण त्यांनी कधी मोजलेलंच नसतं. त्या भाजी करत असताना शेजारी वजनकाटा ठेवावा. गुळाचा डबा आधी आणि नंतर तोलला की दोन वजनांतला फरक म्हणजे माप. त्यांच्या हाताला थांबवायची गरज पडत नाही. घरच्या वाटीत किती मिलिलिटर पाणी मावतं, तेही एकदा मोजून यादीच्या वर लिहावं, कारण दीडशेची वाटी आणि दोनशेची वाटी एकाच कपाटात असतात. जुनी मापं पुसू मात्र नयेत. ‘लिंबाएवढी चिंच’ डोळ्यांसमोर येते, २० ग्रॅम येत नाही, दोन्ही लिहावं.

पायऱ्या पाडताना प्रत्येक क्रियेला आकडा देण्याचा मोह होतो. त्याने अठरा-वीस ओळी होतात आणि वाचणारा हरवतो. मी भांडं बदललं किंवा थांबायची जागा आली की नवा आकडा देते. क्रमाचं कारण असेल तर ते तिथेच लिहावं. इथे डाळ चिंचेआधी शिजलीच पाहिजे, कारण आंबटात डाळ लवकर मऊ होत नाही. वेळेबरोबर खूणही हवी. शेगड्या वेगळ्या, भांडी वेगळी, म्हणून नुसत्या मिनिटांवर भागत नाही.

सगळं उतरवल्यावर कृती अशी दिसते.

साहित्य (चार जणांसाठी, १५० मिलिलिटरची वाटी):
हरभऱ्याची डाळ पाव वाटी, दाणे पाव वाटी, दोन्ही वेगवेगळे भिजवून, चिंच लिंबाएवढी (सुमारे २० ग्रॅम), अर्धी वाटी गरम पाण्यात भिजवून, अळूची एक मोठी जुडी, देठांसह, बेसन २ मोठे चमचे, किसलेला गूळ २ मोठे चमचे, तिखट १ लहान चमचा, गोडा मसाला १ लहान चमचा, मीठ चवीप्रमाणे, तेल ३ मोठे चमचे आणि हाताला थोडं, विभागून, मोहरी अर्धा, मेथ्या पाव, हळद पाव लहान चमचा, हिंग चिमूटभर, सुक्या खोबऱ्याचे काप २ मोठे चमचे, पाणी.

कृती:
१. डाळ आणि दाणे वेगवेगळे, भरपूर पाण्यात तीन-चार तास भिजवा. चिंचही भिजवून कोळ काढून ठेवा.
२. हाताला तेल लावा, मग अळू धुऊन देठं सोला. देठं आणि पानं बारीक चिरा.
३. कुकरमध्ये एका डब्यात अळू थोड्या पाण्यासह, दुसऱ्यात निथळलेली डाळ आणि दाणे नव्या पाण्यासह ठेवून तीन-चार शिट्ट्या करा. डाळ बोटांत चेपली पाहिजे, पण अख्खी राहिली पाहिजे.
४. अळू कोमट झाल्यावर बेसन भुरभुरवून घोटा. गरमागरम अळूत बेसनाच्या गुठळ्या होतात.
५. पातेल्यात घोटलेलं अळू, डाळ, दाणे आणि दोन-अडीच वाट्या पाणी घालून उकळा. मग निम्मा कोळ, गूळ, तिखट, मसाला, मीठ घाला. चव बघून उरलेला कोळ घाला. बेसनाचा कच्चा वास जाईपर्यंत, साधारण दहा मिनिटं, उकळू द्या.
६. तेलात मोहरी तडतडली की मेथ्या, हिंग, हळद आणि खोबऱ्याचे काप घाला. काप तांबूस झाले की फोडणी भाजीवर ओता.

परिच्छेदात पहिलं वाक्य अळूचं होतं, इथे पहिली पायरी डाळीची आहे. हाताचं तेल चिरण्याच्या आधी आलं. ‘नाहीतर आंबटढाण होतं’ हा इशारा कोळ दोनदा घालण्याच्या सूचनेत उतरला. असे इशारे गाळले तर यादी स्वच्छ दिसते, पण पदार्थ बिघडतो. हाताला तेल का लावायचं हे वहीत नव्हतं. अळूत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, त्याने हात खाजतो आणि पानं कच्ची राहिली तर घसाही खवखवतो. म्हणून ‘नीट शिजलं का’ ही तपासणी मी तळटीप म्हणून वेगळी लिहिते: घोटताना देठाचा एकही कडक तुकडा हाताला लागता कामा नये.

शेवटी हा कागद ज्याने अळू कधी केलं नाही त्याच्या हाती द्यावा आणि गप्प बसावं. ‘पाणी किती?’, ‘झाकण ठेवायचं का?’ असा तो जो प्रश्न विचारेल, ती तुमच्या कृतीत राहून गेलेली ओळ. ती लिहून टाका. आणि मूळ परिच्छेद नव्या कागदाच्या मागे तसाच, ज्यांचा आहे त्यांचं नाव घालून उतरवून ठेवा. यादीत एखादी ओळ चुकली असेल, तर ती तिथूनच दुरुस्त करता येईल.