जोडावरची टिचकी

मुलाखतीतला एक ‘म्हणजे’ कापला, दोन्ही टोकं जोडली, आणि जोडावर बारीक ‘टिक्’ ऐकू आली. ध्वनीची लहर शून्यरेषेच्या वर-खाली झुलत असते. डावा तुकडा लहर वर असताना संपला आणि उजवा ती खाली असताना सुरू झाला, तर मधे उभी उडी पडते. अशा उडीत खालपासून वरपर्यंतच्या सगळ्या कंप्रता एकदम येतात, म्हणून स्पेक्ट्रोग्राममध्ये तिथे उभी रेघ दिसते.

ऑडॅसिटीत निवड करून `Z` दाबलं की निवडीच्या कडा जवळच्या शून्यबिंदूवर सरकतात. उडी जाते, पण एका बाजूची लहर चढती आणि दुसरीची उतरती असेल तर जोडावर टोक उरतं, विशेषतः लांबलेल्या स्वरात. स्टिरिओत तर दोन्ही वाहिन्या एकाच क्षणी शून्यावर क्वचितच येतात.

म्हणून मी छोट्या क्रॉसफेडवर जास्त विसंबतो. ५ ते १० मिलिसेकंदांत पहिला तुकडा विरतो आणि दुसरा उमटतो. तो ५० पर्यंत ताणला, तर कापलेल्या शब्दाची शेपटी पुन्हा ऐकू येऊ शकते. कापायला उत्तम जागा ‘प’ किंवा ‘त’च्या स्फोटाआधीची क्षणभराची शांतता. तपासणी मात्र हेडफोनवरच करावी. लॅपटॉपच्या स्पीकरवर मंद टिचकी सहज निसटते.